मागच्या खोलीचा फेज

नागपूरहून मुंबईला जाऊन परत यायला आठ मिलिसेकंद लागतात. माणसाला नाही, काचेच्या तारेतल्या प्रकाशाला. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर धावतो, म्हणजे मिलिसेकंदाला दोनशे. अंतर आठशे धरलं तर जायला चार, यायला चार. वाटेतल्या पेट्या, वळसे आणि सर्व्हरचा स्वतःचा विचार धरून आमच्या पोराच्या गेमच्या पडद्यावर हा आकडा बावीस-पंचवीस दिसतो, आणि तोही चांगलाच म्हणायचा.

हॉलमधल्या राऊटरपासून मागच्या खोलीतल्या प्लेस्टेशनपर्यंतचं अंतर चौदा मीटर आहे. तेवढं कापायला कधी पाच मिलिसेकंद लागायचे, कधी दीडशे. कधी माहिती पोचायचीच नाही.

हे मला आकड्यांतून कळलं नाही, आरडाओरड्यातून कळलं. फेब्रुवारीतल्या एका रात्री मागच्या खोलीतून आवाज आला, "पप्पा, नेट पाहा ना! गोल होऊन राहिला अन् माझा खेळाडू तिथंच उभा!" मी मोबाईलवर स्पीड टेस्ट केली, पस्तीस एमबीपीएस आले. "नेट तं बरोबर आहे, तूच झोपून राहिला असशील," असं म्हणून मी विषय संपवला. तो त्याच्यासाठी संपला नव्हता आणि चूक माझीच होती. स्पीड टेस्ट दहा-पंधरा सेकंदांची सरासरी दाखवते. त्या पंधरा सेकंदांत दोनदा अर्धा सेकंद काहीच आलं नाही, तरी सरासरीला त्याचा पत्ता लागत नाही. फुटबॉलच्या गेमला पस्तीस एमबीपीएस लागतच नाहीत, एक एमबीपीएसही भरपूर होतो. त्याला लागतो तो नेमाने येणारा थेंब. आमच्याकडे नळाला धार होती, पण मधूनच हवा यायची.

आमचं घर हनुमाननगरात आहे, ले-आऊटच्या लांबट प्लॉटवर, बाबांनी 1988 साली बांधलेलं. पुढे हॉल, मग मधली खोली, मग स्वयंपाकघर, मग छोटं अंगण आणि अंगणापलीकडे मागची खोली. ही खोली दहा वर्षांनी वाढवलेली. भिंती सगळ्या नऊ इंची विटांच्या. पुढच्या हॉलमध्ये राऊटर आणि अगदी मागे गेमचा डबा, म्हणजे वायफायने मधल्या साऱ्या भिंती, एक फ्रीज आणि आईचं लोखंडी कपाट पार करून जायचं.

आता कोणीही विचारेल की सरळ केबल का नाही टाकली. बरोबरच आहे. ज्याला कॅट-सिक्स केबल ओढता येते त्याने ती ओढावी आणि पुढचं वाचू नये, तिच्या तोडीचं यात काहीच नाही. आमच्याकडे बाबांचा शब्द आडवा आला. "दिवाळीत रंग द्यायचा आहे, तेव्हाच काय ते भोक पाडू. आता भिंती खराब करू नको." भिंतीतल्या जुन्या पाइपातून ओढावी, तर ते पाइप विजेच्या तारांनी गच्च भरलेले. शिवाय दोनशे तीस व्होल्टच्या तारांसोबत एकाच पाइपात नेटची केबल घालायचीही नसते. हे मला बाबांनीच सांगितलं. ते वीज मंडळातून निवृत्त झालेत आणि या घराचं वायरिंग त्यांनी स्वतः उभं राहून करून घेतलंय. पुढे सगळी गोष्ट त्या वायरिंगपाशीच येऊन थांबली.

पण आधी मोजमाप. पोराचा राग आणि माझा अंदाज यांत निवाडा करायला काहीतरी हवं होतं, म्हणून लॅपटॉप नेऊन प्लेस्टेशनच्या शेजारी ठेवला. इंटरनेटला नाही, फक्त आपल्याच घरातल्या राऊटरला पाच मिनिटं हाका मारायच्या:

```
ping -n 300 192.168.1.1
```

मधला पत्ता प्रत्येकाच्या राऊटरप्रमाणे बदलतो. बहुतेक ओळींत उत्तर चार-सहा मिलिसेकंदांत येत होतं. मग एकदम 87. मग 5, 4, 6. मग 143. मग `Request timed out.` तीनशेतल्या सात हाका वाया गेल्या. तोच लॅपटॉप हॉलमध्ये आणून राऊटरला तारेने जोडला, तर तीनशेच्या तीनशे ओळी एक मिलिसेकंदाच्या आत. म्हणजे राऊटर निर्दोष होता आणि भानगड आमच्या चौदा मीटरांतच होती. वायफायवर एखादं पाकीट वाटेत खराब झालं की ते पुन्हा पाठवलं जातं, पुन्हा बिघडलं तर पुन्हा. सिनेमा पाहताना हे कळत नाही, कारण पुढचा अर्धा मिनिट आधीच साठवून ठेवलेला असतो. गेममध्ये पुढचा अर्धा सेकंदही साठवता येत नाही, तो अजून घडलेलाच नसतो.

पहिला उपाय साळ्याने दिला. त्याच्याकडे वायफाय लांबवर पोचवणारे मेशचे दोन नग पडून होते. एक राऊटरला जोडायचा, दुसरा लांबच्या खोलीत ठेवायचा आणि दुसऱ्याच्या पाठीतल्या लॅन पोर्टमधून प्लेस्टेशनला तार द्यायची. मी दुसरा नग टीव्हीच्या शेजारी ठेवला, दोन फुटी तार जोडली. प्लेस्टेशनच्या सेटिंगमध्ये कनेक्शन "वायर्ड" दिसू लागलं आणि पोरगं खूश झालं. तासाभराने पुन्हा तीच हाक आली.

होणारच होतं. तार होती ती फक्त शेवटच्या दोन फुटांची. आधी प्लेस्टेशन त्या भिंतींपलीकडचा क्षीण आवाज ऐकत होतं, आता त्याच कोपऱ्यात बसून मेशचा नग तोच आवाज ऐकत होता. त्याचा अँटेना जरा बरा असेल, एवढाच फरक. पिंगमध्ये 143 च्या जागी 95 दिसायला लागले. मेशचा नग जिथे सिग्नल मेला आहे तिथे ठेवायचा नसतो, जिथे सिग्नल अजून जिवंत आहे तिथे ठेवायचा असतो. आणि तिथून पुढे खरी तार न्यायची.

आमच्याकडे ती जागा होती मागच्या खोलीची अंगणाकडची खिडकी. समोर स्वयंपाकघराचं दार, ते दिवसभर उघडंच असतं. नग खिडकीच्या कठड्यावर ठेवला, तिथून पाच मीटरची चपटी केबल पलंगाखालून टीव्हीपर्यंत नेली. नगाच्या अ‍ॅपमध्ये सिग्नल उणे 76 होता तो उणे 59 वर आला. हे आकडे उणे असतात, शून्याच्या जितके जवळ तितका आवाज मोठा. उणे 65 च्या अलीकडे असला की नगांचं आपसात बरं जमतं, असा माझा अनुभव. पिंग पंधरा-वीसच्या वर जाईना. मध्ये एकदा प्लेस्टेशनने `NAT Type 3` दाखवून मित्रांशी बोलणं बंद पाडलं. तेव्हा लक्षात आलं की मेशचा पहिला नग स्वतःच दुसरा राऊटर होऊन बसलाय आणि घरात दोन कारभारी झालेत. अ‍ॅपमध्ये त्याला `Access Point` केलं, म्हणजे पत्ते वाटायचं काम जुन्या राऊटरकडेच राहिलं, आणि तेही सुटलं.

तिथेच हा लेख संपायचा. पण मार्च उजाडला.

नागपुरात मार्चच्या शेवटी खिडकी ही खिडकी राहत नाही, ती कूलरची जागा होते. बाबांनी माळ्यावरून स्टँड काढला, वाळ्याच्या नव्या ताट्या आणल्या आणि अंगणाकडच्या खिडकीत पत्र्याचा भला थोरला कूलर बसवला. नग कठड्यावरून निघून कपाटावर गेला. आता त्याच्या आणि स्वयंपाकघराच्या दाराच्या मध्ये तीन बाजूंनी पत्रा, आत ओल्या ताट्या आणि खाली टाकीभर पाणी. वायफायला पत्रा परतवतो आणि पाणी शोषतं. सिग्नल उणे 74. इथे कूलरला हलवण्याचा विषयही कोणी काढत नाही, मी तर नाहीच नाही. मेशचे नग धुऊनपुसून साळ्याला परत गेले.

मग पॉवरलाईन अ‍ॅडॉप्टरची जोडी मागवली. कल्पना अशी की भिंतीत विजेच्या तारा आहेतच, त्यांच्यावरूनच माहिती न्यायची. घरातली वीज सेकंदाला पन्नास वेळा हेलकावते. हे डबे त्याच तांब्यावर दोन मेगाहर्ट्झच्या वरच्या पट्ट्यात, म्हणजे विजेच्या मानाने चाळीस हजार पटींहून जास्त वेगाने, आपलं बारीक कंपन चढवतात. एक डबा हॉलच्या सॉकेटमध्ये, त्यातून लॅन केबल राऊटरला. दुसरा मागच्या खोलीत, त्यातून केबल प्लेस्टेशनला. दोघांचं `Pair` बटण दोन मिनिटांच्या आत दाबायचं, म्हणजे त्यांची आपसातली किल्ली ठरते. हे टाळू नये, कारण हे कंपन मीटरपाशी मुकाट्याने थांबत नाही, शेजाऱ्याच्या तारांवरही थोडंफार जाऊ शकतं.

खोक्यावर 600 लिहिलं होतं. तो आकडा दोन डब्यांच्या आदर्श गप्पांचा, हाताला लागणाऱ्या वेगाचा नाही. आणि गंमत म्हणजे डब्याच्या बुडाशी असलेला लॅन पोर्टच मुळी शंभरचा. सहाशेची टाकी आणि अर्ध्या इंचाची तोटी. मला चालणार होतं, कारण आमचा प्लॅनही शंभराचाच.

पहिल्यांदा लावले तेव्हा दिवाच लागला नाही.

मी दोन चुका एकदम केल्या होत्या. मागच्या खोलीत डबा स्पाइक गार्डच्या पट्टीत खुपसला होता. त्या पट्टीचं कामच मुळी विजेवरची असली बारीक फडफड गिळणं, मग तिने आमची माहितीही गिळली. डबा काढून थेट भिंतीच्या सॉकेटमध्ये लावला आणि पट्टी शेजारच्या सॉकेटमध्ये गेली, तेव्हा लाल दिवा लागला. लाल म्हणजे ओळख पटली, बोलणं ऐकू येत नाही.

दुसरी चूक हॉलमध्ये होती. लाईट गेल्यावरही नेट राहावं म्हणून राऊटर आम्ही इन्व्हर्टरच्या सॉकेटवर ठेवलाय आणि तिथेच मी डबाही लावला. इन्व्हर्टरची लाईन मुख्य बोर्डातून निघून इन्व्हर्टरच्या पोटातून फिरून येते. तिथे रिले, फिल्टर, चार्जर, सगळं वाटेत. तुमच्या घरात कुठलं सॉकेट कुठल्या लाईनवर आहे हे माहीत नसेल, तर पुढच्या वेळी लाईट जाईल तेव्हा टेबललॅम्प घेऊन फिरा. जिथे पेटेल तिथे डबा लावू नका. मी तो हॉलमधल्या साध्या सॉकेटवर नेला आणि तिथून तीन मीटरची केबल राऊटरपर्यंत आणली. लाईट गेली की डबा मरतो, पण तेव्हा टीव्हीही मेलेलाच असतो, त्यामुळे तक्रार नाही.

एवढं करून दिवा लालच. डब्याच्या युटिलिटीत दोघांमधला वेग दिसला 18, आणि प्रत्यक्षात लॅपटॉपवर आले सहा-सात. पिंग साठ-सत्तर आणि मध्येमध्ये गळती. वायफाय याहून बरं होतं.

मी पॉवरलाईनला शिव्या देत जेवायला बसलो. बाबांनी भाकरी मोडता मोडता विचारलं, "तारेवरून पाठवून राहिला म्हणते, तं कोणत्या फेजवरून?"

मी पाहतच राहिलो.

"हॉल आरवर आहे. सयपाकघर अन् मधली खोली वायवर. मागची खोली बीवर टाकली ना मी, कूलर-हीटरचा लोड तिकडे म्हणून. तुझी तार हॉलमधून निघते अन् मागं जातच नाही. काय पोचन तिथं?"

आमच्याकडे थ्री फेज मीटर आहे हे मला बिलावरून माहीत होतं. त्याचा अर्थ त्या रात्री कळला. घरात तीन वेगळ्या जिवंत तारा येतात, बाबांच्या पिढीच्या भाषेत लाल, पिवळी आणि निळी. त्या एकमेकींना घरात कुठेच जोडलेल्या नसतात, जोडल्या तर स्फोटच. हॉलच्या लाल तारेवर चढवलेलं कंपन मागच्या खोलीच्या निळ्या तारेवर जायचं, तर त्याला अधिकृत रस्ता नाही. मग ते जातं चोरवाटेने. बोर्डात आणि पाइपात या तारा काही फूट शेजारी शेजारी पडलेल्या असतात, तिथे एकीवरून दुसरीवर जरासं पाझरतं. आमचे सहा-सात एमबीपीएस हा तो पाझर होता. एखाद्या घरात तारा लांबवर बिलगून गेल्या असतील तर तिथे पाझरही पुरेसा होत असेल. आमच्या बाबांचं वायरिंग नीटनेटकं, त्यामुळे पाझर कमी.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मला जिन्याखालच्या बोर्डापाशी घेऊन गेले. लाकडी दाराच्या आत एमसीबींच्या ओळी आणि त्यांच्या खाली तीन गोल मुठी, प्रत्येकीभोवती 1, 2, 3 असे आकडे. फेज सिलेक्टर. हे पूर्वी नागपुरात थ्री फेज घेतलेल्या बऱ्याच घरांत असायचं. उन्हाळ्यात एक फेज गेला की त्या खोल्यांची मूठ फिरवून दुसऱ्यावर घ्यायची आणि पंखा चालू. प्रत्येक मुठीखाली बाबांच्या अक्षरात चिकटवलेली कागदाची पट्टी होती, पिवळी पडलेली. "हॉल". "सयपाक + मधली". "मागची खोली".

बाबांनी मागच्या खोलीची मूठ धरली. आधी मला त्या खोलीतलं सगळं बंद करून यायला लावलं. मग मनातल्या मनात हिशोब मांडला. हॉलचा एसी सात-आठ अँपिअर, कूलर एक अँपिअर, टीव्ही आणि गेमचा डबा मिळून दोनेक. "एका फेजवर चालते. पण हिवाळ्यात गीझर लावला तं मले विचारजो." आणि मूठ 3 वरून 1 वर फिरवली. मध्ये एक जाड टक् आवाज झाला.

मी धावत मागे गेलो. डब्यावरचा दिवा मिनिटभर लाल, मग पिवळा, मग हिरवा. युटिलिटीत 18 च्या जागी 190. लॅपटॉपवर मोजले तर साठ-बासष्ट एमबीपीएस, सहाशेच्या खोक्यातून. तीनशे पिंग: कमीत कमी 3, जास्तीत जास्त 11, गळती शून्य. ज्यांच्याकडे अशा मुठी नाहीत त्यांनी हे काम इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावं. खोलीची तार बोर्डात एका फेजवरून दुसऱ्यावर घ्यायला त्याला फार वेळ लागत नाही, पण कोणता फेज किती भार ओढतोय ते त्याने आधी पाहायला हवं.

साठ जीबीचा गेम उतरायला आता सव्वादोन तास लागतात. राऊटरला खेटून बसलं तर दीड तासाच्या आत होईल. पोराने त्याबद्दल कधी कुरकुर केली नाही, तो रात्री लावून झोपतो. त्याला हवा होता तो वरचा 11 चा आकडा. तीन-चार मिलिसेकंदांची सवय होते, हात आपोआप तेवढा आधी दाबतो. ज्याचा नेम नाही त्याची सवय होत नाही.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात संध्याकाळी सातनंतर पुन्हा बोंब. दिवसा सगळं ठीक, रात्री पिंग नव्वदवर. सगळ्यांनी एका सुरात कूलरकडे बोट दाखवलं, मीही. मोटार मोठी, आवाज मोठा, दोषी तोच असणार. कूलर बंद करून पाहिला तर पिंग तसाच. पंप बंद केला, तसाच. मग नीट बसलो. लॅपटॉपवर न थांबणारा पिंग लावला आणि पोराला सांगितलं, खोलीतलं एकेक बटण बंद कर, पाच मोज, पुन्हा चालू कर.

```
ping -t 192.168.1.1
```

ट्यूबलाईट, काही नाही. मोबाईलचा चार्जर, नव्वदचे पंच्याऐंशी. मग त्याने छताचा पंखा बंद केला आणि ओळी सरळ 4, 4, 5, 4. पंखा चालू केला की 88. पंख्याने काय घोडं मारलं हे कळेना, तो तर फेब्रुवारीतही होता. तेवढ्यात पोराने रेग्युलेटर पूर्ण फिरवला, पंखा पाचवर गेला आणि पिंगही पुष्कळसा निवळला. दोनवर आणला की पुन्हा गडबड.

तेव्हा उलगडा झाला. पंख्याला ते जुनं गुळगुळीत फिरणारं बटण आहे. त्यात आत ट्रायॅक असतो, तो विजेच्या प्रत्येक अर्ध्या लाटेचा सुरुवातीचा तुकडा कापून टाकतो आणि मग झटक्याने चालू होतो. सेकंदाला शंभर झटके. पंखा हळू केला की तुकडा मोठा आणि झटका जोरकस. त्या झटक्यांचा कर्कश आवाज थेट आमच्या डब्याच्या पट्ट्यात पसरतो. आणि संध्याकाळी कूलर लावला की आमच्याकडे छताचा पंखा दोनवर आणतात, खोलीतला गारवा जरा फिरावा म्हणून. कूलर फक्त त्या वेळेला हजर होता, गुन्हा पंख्याच्या रेग्युलेटरचा. रेग्युलेटर आणि डबा एकाच बोर्डावर हातभर अंतरावर होते, हेही भोवलं. कानाशी कोणी भोंगा वाजवला की लांबचं ऐकू येत नाही, तसं. म्हणूनच खोलीत येणारा वेग पडला होता आणि खोलीतून जाणारा जवळपास तसाच होता, कारण हॉलमधल्या डब्याच्या कानाशी भोंगा नव्हता.

महाल भागातल्या दुकानातून कपॅसिटरवाला रेग्युलेटर आणला, टक् टक् करत पाच पायऱ्यांवर थांबणारा. तो लाट कापत नाही, पायरीपायरीने दाब कमी करतो. बाबांनी बसवून दिला. पंखा दोनवर, कूलर जोरात, पिंग पाच. जाता जाता चार्जरही बदलला, रस्त्यावरून घेतलेला होता, त्याचेही चार-पाच मिलिसेकंद होते.

शेवटचा धक्का जूनमध्ये बसला. नवतपा सरला आणि एका दुपारी वादळ आलं, हॉलचा फेज गेला. बाबांनी सवयीप्रमाणे जाऊन मुठी फिरवल्या, हॉल 2 वर आणि मागची खोली आपल्या जुन्या ठिकाणी, 3 वर. पाच मिनिटांत सगळं घर चालू. दुसऱ्या दिवशी फेज परत आला, पण आता सगळंच चालत असल्याने मुठींकडे कोणी पाहिलं नाही. मागच्या खोलीत मात्र दिवा लाल. मी दोन संध्याकाळी डबे काढले, घातले, जोड्या लावल्या, चार्जर शोधले, नव्या रेग्युलेटरलाही दोष दिला. युटिलिटीत 18 हा आकडा दिसत होता, आणि तोच आकडा आधी कुठे पाहिला होता ते मला आठवत नव्हतं. पोराला आठवलं. "पप्पा, हा तं जुनावाला अठरा आहे ना?"

जिन्याखाली गेलो तर बाबा आधीच तिथे उभे, चष्मा कपाळावर, हातात फेव्हिकॉलची बाटली आणि वहीचं फाडलेलं पान. मुठी दोन्ही 1 वर आलेल्या होत्या. "मागची खोली" या पिवळ्या पट्टीखाली त्यांनी नवी पांढरी पट्टी चिकटवली होती, बोटाने अजून दाबून धरलेली, अक्षर तेच, फक्त जरा थरथरतं: "हॉल असेल त्याच आकड्यावर ठेवणे. गेम."